फिकट ठिपका

ताईच्या चिंगीचा चेहरा मागच्या वर्षी बूस्टर घेऊन आल्यावर तासाभरात सुजला. आधी वरचा ओठ जाड झाला, मग डोळ्यांच्या फटी बारीक झाल्या आणि एरवी टोकदार दिसणारं ते तोंड ओळखू येईना. परत दवाखाना, सुजेवरचं इंजेक्शन, आणि संध्याकाळपर्यंत सगळं उतरलंही. जेमतेम पाच किलोची ती कुत्री दुसऱ्या दिवशी काही झालंच नाही अशा थाटात हिंडत होती, पण ताईच्या मनातून ती सूज उतरली नाही. यंदा आठवणीचा मेसेज आला तसा तिने मला फोन लावला. "अगं, आपल्याला लहानपणी गोवराची लस दिली, ती काय दरवर्षी घेतो का आपण? मग हिलाच का दरवर्षी?" मी म्हटलं, डॉक्टरांना विचार की. "विचारलं ना. ते म्हणाले, कार्डावर वर्षाचं लिहिलंय."

हे उत्तर मला सलत राहिलं. उत्तर चूक नव्हतं, कार्डावर वर्षाचंच लिहिलेलं होतं. पण ताईने सहज म्हणून गोवराचं नाव घेतलं आणि नेमकं मर्मावर बोट ठेवलं, हे तिला ठाऊक नव्हतं. कुत्र्यांचा डिस्टेंपर आणि माणसांचा गोवर हे एकाच कुळातले विषाणू. इतके जवळचे, की एके काळी लहान पिल्लांना डिस्टेंपरपासून वाचवायला चक्क माणसांची गोवराची लस टोचत. आईच्या दुधातून आलेली प्रतिपिंडं डिस्टेंपरची लस हाणून पाडायची, पण गोवराचा विषाणू त्यांच्या तावडीतून बराचसा निसटायचा आणि तरीही पिल्लाला थोडंफार संरक्षण देऊन जायचा. मी बरीच वर्षं जनावरांच्या रोगनिदानाच्या प्रयोगशाळेत काढली. असले नातेसंबंध मला माणसांच्या नात्यांपेक्षा चांगले लक्षात राहतात, असं घरचे म्हणतात.

पण फोन ठेवल्यावर पहिल्यांदा आठवली ती प्रयोगशाळा नव्हे. आठवला आमच्या लहानपणी घरी असलेला कुत्रा. त्याला डिस्टेंपर झाला होता. आधी डोळ्यांना चिपडं, नाकाला घट्ट शेंबूड, मग खोकला. तो बरा होतोय असं वाटेपर्यंत त्याच्या पंजांचे तळवे कडक झाले आणि फरशीवर चालताना टकटक वाजायला लागले. त्यानंतर झटके. तोंडात काहीच नसताना तो काहीतरी चघळत असल्यासारखा जबडा हलवायचा, तोंडाला फेस यायचा, आणि आजी आम्हा मुलांना आत पाठवून द्यायची. ज्याने तो जबडा पाहिलाय त्याला लस हा चर्चेचा विषय वाटत नाही. "दरवर्षी कशाला" असं कोणी म्हटलं की माझ्या पोटात अजूनही कुठेतरी तो आवाज होतो. त्यामुळे ताईला काय सांगायचं हे ठरवताना मला आधी माझ्या स्वतःच्या भीतीला बाजूला बसवावं लागलं.

खरं तर तिच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर दवाखान्यातल्या टेबलावरच असतं, फक्त आपण तेव्हा कुत्र्याचं डोकं धरण्यात गुंतलेलो असतो. पुढच्या वेळी नीट बघा. डॉक्टर एक नव्हे, बहुतेक वेळा दोन छोट्या बाटल्या काढतात. एकीच्या तळाशी पांढुरकी, कोरडी टिकली असते. दुसरीत पातळ द्रव असतो. सिरिंजने द्रव ओढून टिकलीच्या बाटलीत सोडतात, बाटली हलवतात, टिकली विरघळते आणि मग ते सगळं मिळून कातडीखाली जातं. ती कोरडी टिकली म्हणजे गोठवून वाळवलेले जिवंत, पण दुबळे केलेले विषाणू: डिस्टेंपर, जीवघेणे जुलाब-उलट्या आणणारा पार्व्हो आणि ॲडिनोव्हायरस, ज्याच्यामुळे कुत्र्यांची हिपॅटायटिस होते. सोबत बहुधा पॅराइन्फ्लुएन्झाही असतो. आणि द्रव म्हणजे पुष्कळदा नुसतं पाणी नसतंच, ती लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या रोगाची लस असते, मारलेल्या जिवाणूंची. म्हणजे एका सुईतून दोन अगदी वेगळ्या जातीच्या लसी जातात, आणि कार्डावर दोन्हींचं मिळून एकच स्टिकर लागतं. पुढची तारीखही एकच पडते. ताईच्या प्रश्नाचा सगळा घोळ त्या एका तारखेत आहे.

मारलेली लस आणि जिवंत लस यांचं शरीराशी वागणं निराळं. जिवंत विषाणूला काम करायचं तर आधी शरीरात शिरून स्वतःची संख्या वाढवावी लागते. तो वाढला तरच शरीर त्याची दखल घेतं. आता पिल्लाच्या रक्तात आईकडून आलेली प्रतिपिंडं असली तर ती या दुबळ्या विषाणूला वाढण्याआधीच गाठून निकामी करतात आणि लस फुकट जाते. म्हणून तर पिल्लांना सहा-आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांचं होईपर्यंत पुन्हा पुन्हा टोचतात. आईची प्रतिपिंडं नेमकी कधी संपतील हे कुणालाच सांगता येत नाही, म्हणून एखादा डोस तरी योग्य वेळी पडावा. हे बहुतेक कुत्रेवाल्यांना ठाऊक असतं. पण याचीच दुसरी बाजू फारसं कुणी बोलून दाखवत नाही. मोठ्या, आधीच संरक्षित असलेल्या कुत्र्याच्या रक्तात त्याची स्वतःची प्रतिपिंडं असतात. तीही त्या टिकलीतल्या विषाणूंना तसंच वागवतात. विषाणू वाढत नाही, शरीराला नवं काही शिकायला मिळत नाही आणि प्रतिपिंडांची पातळी होती तिथेच राहते. त्या कुत्र्याच्या बाबतीत 'बूस्टर' काहीच बूस्ट करत नाही.

मग वर्षाची मुदत आली कुठून? पूर्वी लसी बाजारात आल्या तेव्हा त्यांच्या चाचण्या साधारण वर्षभर चालत. कुत्र्याला लस द्यायची, ठरावीक काळाने खरा रोगकारक विषाणू द्यायचा आणि तो आजारी पडत नाही हे दाखवायचं. वर्षभर टिकते एवढं सिद्ध झालं की लेबलावर वर्ष लिहिलं जाई. त्यातून निघायचं ते 'निदान वर्षभर', आणि वाचलं जायचं 'फक्त वर्षभर'. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात रोनाल्ड शुल्ट्झ यांनी कुत्रे पुढेही सांभाळून बघितले, आणि या तिन्ही विषाणूंविरुद्धचं संरक्षण सात-सात वर्षांनी खरा विषाणू देऊनही टिकलेलं दिसलं. २००३ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय दवाखान्यांच्या संघटनेने या तीन लसींसाठी तीन वर्षांचं अंतर सुचवलं. छोट्या प्राण्यांच्या डॉक्टरांच्या जागतिक संघटनेने २००७ पासून आपल्या मार्गदर्शक सूचनांत तेच धरून ठेवलंय, आणि २०२४ च्या आवृत्तीतही तेच आहे: पिल्लूपणीचे डोस नीट झाले, सहा महिन्यांच्या सुमारास एक पक्का डोस झाला, की पुढे तीन वर्षांच्या आत ती टिकली देऊ नका. म्हणजे चिंगीला दर वर्षी ती देणं तसंही गरजेपेक्षा जास्त होतं, टायटर, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांचं मोजमाप, हा शब्द कुणी उच्चारण्याआधीच.

टायटर मी हाताने केलेत. पार्व्होचा तर डोळे मिटून करता येईल, इतके. प्लास्टिकची प्लेट, तिच्यात टोकदार तळाच्या छोट्या छोट्या विहिरींच्या रांगा. पहिल्या विहिरीत कुत्र्याच्या रक्तातला सीरम दहापट पातळ करून घालायचा, पुढच्या विहिरीत त्याच्या निम्म्या ताकदीचा, पुढे त्याच्याही निम्म्या. १:१०, १:२०, १:४०, असं करत १:१२८० पर्यंत. प्रत्येकीत पार्व्हो विषाणूचं ठरलेलं प्रमाण घालायचं, त्यांना एकमेकांना गाठायला वेळ द्यायचा आणि मग वरून डुकराच्या लाल पेशी. प्लेट फ्रिजमध्ये. पार्व्होची एक खोड आहे: मोकळा असला की तो डुकराच्या लाल पेशी एकमेकींना चिकटवतो. तशा विहिरीत पेशींची गुलाबी, पातळ चादर पसरलेली दिसते. पण सीरममधल्या प्रतिपिंडांनी विषाणूला आधीच बांधून टाकलं असेल तर पेशी मोकळ्या राहतात, घरंगळत तळाशी जातात आणि तिथे एक घट्ट लाल ठिपका बसतो. प्लेट तिरकी धरली की तो ठिपका शेपटी सोडत ओघळतो. चादर ओघळत नाही. रांगेत जिथवर ओघळणारा ठिपका दिसतो ती शेवटची विहीर म्हणजे त्या कुत्र्याचा टायटर. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली प्लेटा तिरक्या करत बसायचं काम मला अतोनात आवडायचं, आणि लोकांना घरी जायची घाई असायची म्हणून ते बहुतेक माझ्याच वाट्याला यायचं.

डिस्टेंपर आणि ॲडिनोव्हायरसचं तसं नाही. तिथे जिवंत पेशींचा थर वाढवून त्यावर विषाणू आणि सीरम एकत्र सोडतात आणि पेशी मरतात की जगतात हे बघायला काही दिवस थांबतात. जितक्या पातळ सीरमपर्यंत पेशी वाचल्या तितका टायटर. संरक्षणाची रेषा पार्व्होला साधारण १:८०, डिस्टेंपरला १:३२, ॲडिनोव्हायरसला १:१६ अशी धरतात.

या आकड्यांनी माणसांना मात्र भलतंच वेड लागतं. रिपोर्ट घेऊन येणारे लोक मला विचारायचे, "आमच्याचा १:१६० आला, शेजाऱ्यांच्या लॅब्राडॉरचा १:१२८०. म्हणजे आमच्याचा कमी?" टायटर परीक्षेच्या मार्कांसारखा वाचायचाच नसतो. रेषेच्या वर आहे की खाली, एवढंच त्यातून घ्यायचं. या तीन रोगांत रक्तात प्रतिपिंडं असणं आणि कुत्रा संरक्षित असणं यांचं नातं इतकं पक्कं आहे की रेषेच्या वर असलेला कुत्रा आज विषाणू समोर आला तर तरतो, मग आकडा कितीही असो. शिवाय तेच रक्त दोनदा तपासलं तर एखाद्या विहिरीचा फरक पडतोच. आज १:१६० आणि उद्या १:३२० हा बदल नव्हे, ते हाताचं आणि डोळ्याचं चालणं आहे. उलट बाजूला मात्र उत्तर तितकं सरळ नाही. रेषेच्या खाली असलेला कुत्रा असुरक्षितच असेल असं नाही. प्रतिपिंडं ओसरली तरी ती बनवायची आठवण ठेवणाऱ्या पेशी मागे राहिलेल्या असू शकतात आणि त्या आपल्या कुठल्याही प्लेटमध्ये दिसत नाहीत. तरीही रेषेच्या खाली आला तर लस द्यावी असंच सांगतात, कारण न दिसणाऱ्या पेशींच्या भरवशावर पार्व्होशी पैज लावणं कुणाला परवडणारं नाही.

चिंगीचं रक्त ताईच्या डॉक्टरांनी आधी दवाखान्यातल्याच किटवर तपासलं. मी सोबत गेले होते. हे किट म्हणजे कंगव्यासारखं एक प्लास्टिक, त्याच्या प्रत्येक दातावर ठिपक्यांच्या जागा. रक्ताचा थेंब मिसळून कंगवा एका कप्प्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा बुडवत नेतात आणि वीसेक मिनिटांत करडे ठिपके उमटतात. एक ठिपका तुलनेसाठी दिलेला असतो आणि बाकीचे तीन तीन रोगांचे. तुलनेच्या ठिपक्याइतका किंवा त्याहून गडद असेल तर पुरेसं, फिकट असेल तर नाही. पार्व्हो चांगला गडद आला. डिस्टेंपरही. तिसरा, हिपॅटायटिसचा ठिपका मात्र आला की नाही अशा बेताने आलेला. डॉक्टरांनी कंगवा खिडकीकडे नेला, पुन्हा दिव्याखाली आणला, मग माझ्याकडे दिला. मला तो तुलनेच्या ठिपक्यापेक्षा फिकट वाटला, त्यांना जवळपास तितकाच. डोळ्याने वाचायच्या चाचणीचं हे दुखणं आहे. दोन टोकांना कुणाचंच दुमत नसतं, आणि प्रश्न नेमका मधल्या करड्यावर येऊन अडतो.

ताई म्हणाली, "तीनातले दोन तर आले ना?"

उरलेल्या सीरमची बाटली मोठ्या प्रयोगशाळेत पाठवली. आठवड्याने आकडे आले. पार्व्हो १:३२०, डिस्टेंपर १:१२८, ॲडिनोव्हायरस १:८. माझ्या डोळ्याचं म्हणणं खरं ठरलं याचा क्षणभर आनंद झाला आणि लगेच त्याची लाजही वाटली, कारण त्याचा अर्थ ताईला ज्या सुईपासून सुटका हवी होती ती सुई आता घ्यायची होती. आणि इथे एक व्यवहाराची गोची होती. फक्त ॲडिनोव्हायरसची वेगळी लस सहसा मिळतच नाही, ती त्या टिकलीतच तिघांच्या सोबतीने येते. एकाची उणीव भरायला तिघांना टोचायचं. तपासणीने सुई टळेल म्हणून आम्ही तपासणी केली आणि तपासणीनेच सुईकडे नेलं.

सोडून द्यावं का, हाही विचार झाला. कुत्र्यांची हिपॅटायटिस आता लसीकरण झालेल्या वस्त्यांत क्वचित दिसते. पण 'क्वचित' हे लसीमुळेच आहे, आणि हा विषाणू बऱ्या झालेल्या कुत्र्याच्या लघवीतून कित्येक महिने बाहेर पडत राहतो. दुसरीकडे सूज. लसीने अशी प्रतिक्रिया येण्याचं प्रमाण किती, यावर २००५ मध्ये अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. बारा लाखांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा लसीनंतर तीन दिवसांत काही ना काही त्रास झालेले दर दहा हजारांमागे अडतीस निघाले. त्यातही कुत्रा जितका लहान तितका धोका जास्त, आणि एकाच भेटीत जितक्या लसी जास्त तितका पुन्हा जास्त. चिंगी दोन्ही निकषांवर वाईट बाजूला बसते: वजन कमी, आणि मागच्या वर्षी तिला एका दमात सगळंच मिळालं होतं. अशी सूज बहुधा विषाणूंमुळे येतही नाही. लस तयार करताना विषाणू पेशींवर वाढवतात, त्या पेशींना वासराच्या रक्तातला द्रव घालतात, आणि त्याचे अंश लसीत राहून जातात. काही कुत्र्यांचं शरीर त्यावर बिथरतं.

शेवटी डॉक्टरांनी जे केलं ते मला पटलं. टिकली घेतली, पण ती लेप्टोच्या द्रवात न विरघळवता नुसत्या निर्जंतुक पाण्यात विरघळवली. म्हणजे त्या दिवशी फक्त जिवंत विषाणू, दुसरं काही नाही. आधी सूज रोखणारं औषध दिलं. आणि "आता जा, काही झालं तर फोन करा" असं न म्हणता तासभर तिथेच बसवून घेतलं. ताई तो सगळा वेळ चिंगीचा वरचा ओठ चिमटीत धरून जाडी बघत होती. ओठ तसाच राहिला. लेप्टोची लस काही आठवड्यांनी वेगळ्या दिवशी, तशीच पहारा ठेवून. वेगळं केल्याचा फायदा एवढाच नव्हे की शरीरावरचा भार विभागला. पुन्हा सूज आलीच, तर ती कुणामुळे आली हे तरी कळेल.

त्यानंतर मी हट्टाने एक गोष्ट करवून घेतली, जी खरं तर करायची सक्ती नव्हती. लसीला चार आठवडे उलटल्यावर पुन्हा रक्त पाठवलं. ॲडिनोव्हायरस १:८ वरून १:१२८ वर गेला होता, म्हणजे चार पायऱ्या, हाताच्या चुकीत बसणारी गोष्ट नव्हे. डिस्टेंपर १:१२८ होता तो १:१२८ च. पार्व्हो १:३२० होता तो १:३२०. एकाच सिरिंजमधून, एकाच क्षणी आत गेलेले तीन विषाणू. ज्याच्यासाठी रक्तात जागा रिकामी होती त्याने काम केलं आणि बाकीचे दोघे दारातच संपले. पुस्तकात वाचलेली गोष्ट ओळखीच्या कुत्रीच्या रक्तात अशी स्वच्छ दिसायला फार नशीब लागतं. मी तो कागद ताईला दाखवून इतकं काही बोलले की ती शेवटी म्हणाली, "बरं, पण पुढच्या वर्षी काय करायचं ते सांग."

पुढच्या वर्षीचं उत्तर देताना मला नेहमी भीती वाटते ती या उत्साहाचीच. टायटर केला, चांगला आला, आता लसींची कटकट संपली, अशी समजूत करून घेतलेले लोक मी पाहिलेत. त्यांच्या कुत्र्याचा पार्व्होचा आकडा झकास असतो आणि लेप्टोची तारीख कधीची उलटून गेलेली असते. लेप्टोला ही तपासणी लागूच होत नाही. मारलेल्या जिवाणूंच्या लसीने मिळणारं संरक्षण साधारण वर्षभराचं, पण तिची प्रतिपिंडं रक्तातून त्याच्या कितीतरी आधी, काही महिन्यांतच ओसरतात. म्हणजे रिपोर्ट शून्य आला तरी कुत्रा सुरक्षित असू शकतो, आणि आकडा आलाच तर तो लसीचा की चालून गेलेल्या संसर्गाचा हे सांगणं कठीण. उंदरांची लघवी मिसळलेल्या डबक्यात तोंड घालणाऱ्या कुत्र्याला लेप्टो दरवर्षीच लागते, आणि फार खंड पडला तर पुन्हा दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोसांपासून सुरुवात. केनल कफचं, म्हणजे कुत्र्यांच्या सांसर्गिक खोकल्याचंही असंच. नाकात थेंब सोडून द्यायची ती लस नाकाच्या अस्तरावर पहारा बसवते, रक्तात तिची चौकशी करून काही हाती लागत नाही.

रेबीजचं आणखी निराळं. तिथे रक्ततपासणी आहे आणि चांगली आहे. प्रति मिलिलीटर अर्धं आंतरराष्ट्रीय एकक ही रेषा कुत्र्याला परदेशी नेणाऱ्यांना पाठ असते. पण ती रेषा लस लागू पडली हे दाखवण्यासाठी, लस टाळण्यासाठी नव्हे. कायदा टायटर बघत नाही, लसीची तारीख बघतो. आणि कुणाला चावल्यावर चौकशी होते तेव्हा हातात टायटरचा कागद असून भागत नाही. रेबीजची लस एक वर्षाची की तीन वर्षांची हे तिच्या लेबलावर आणि तिथल्या नियमावर ठरतं. त्यात काटछाट करायच्या गोष्टी मी ऐकूनही घेत नाही, आणि याबाबतीत मी हेकट आहे असं कुणी म्हटलं तर म्हणो.

मग ही तपासणी सगळ्यांनी करावी का? माझं मत विचाराल तर, नाही. जो धडधाकट कुत्रा तीन वर्षांनी ती टिकली घेतो आणि त्याला कधी काही झालं नाही, त्याच्या मालकाने लशीहून महागडी तपासणी करून मिळवायचं काय? तो गडद ठिपके बघून समाधान विकत घेतो, एवढंच. तपासणी कामाची आहे ती चिंगीसारखीला, जिला आधी त्रास झालाय. कामाची आहे ती त्या कुत्र्याला, ज्याला दुसऱ्या आजारासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू आहेत आणि जिवंत विषाणू देणं डॉक्टरांना नको वाटतंय. आणि ती कामाची आहे जिथे लस दिली गेली पण लागू पडली का याचीच शंका आहे, तिथे. टिकलीतले विषाणू दोन ते आठ अंश तापमानात ठेवावे लागतात. फ्रिज बंद पडून राहिला तर ते मरू शकतात, पण टिकली दिसायला तशीच पांढरी राहते आणि स्टिकरही तसंच चिकटतं. काही कुत्री तर उत्तम लस देऊनही प्रतिसाद देत नाहीत, त्यांची घडणच तशी असते. पार्व्होच्या बाबतीत हजारात एखादं असं निघतं असं मानतात. अशा कुत्र्याचा मालक दरवर्षी बिनचूक तारखा पाळतो आणि त्याचा कुत्रा पहिल्या दिवसापासून उघडाच असतो. हे फक्त रक्तच सांगतं.

ताईला मी सांगितलं ते असं. लेप्टो दरवर्षी, एकटी, थांबून. रेबीज लेबलावरच्या तारखेला. तिघांचं रक्त तीन वर्षांनी तपासायचं आणि चिंगी म्हातारी झाली की त्याहून लवकर लवकर, आणि त्यात जे खाली येईल त्याचं त्या वेळी बघू. दवाखान्यात मात्र दर वर्षी जायचंच, लस असो वा नसो, कारण सुईच्या निमित्ताने डॉक्टर तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावतात, दात बघतात, पोट चाचपतात. सुई गेली की लोकांचं ते जाणंही बंद होतं. ताईने हे सगळं लिहून घेतलं. मग डॉक्टरांनी कार्डावर एका तारखेऐवजी तीन वेगवेगळ्या तारखा घातल्या, आणि दवाखान्याच्या काउंटरवरच्या मुलीने आपल्या कॉम्प्युटरवर एका कुत्र्याला एकच तारीख टाकता येते असं सांगितलं. तिने सगळ्यात जवळची, लेप्टोची, टाकली. बाकीच्या दोन ताईने आपल्या फोनमध्ये घालून ठेवल्यात.